तासगावच्या युनिटचं गुडविल : ९ कोटींतलं किती उडवायचं?

कुपवाडची_खातेवही

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मसाला कंपनीचे हिशेब मी बघतो. हळद पावडर हा आमचा मूळ धंदा. कंपनी लिस्टेड आहे, म्हणून इंड एएस ही हिशेबाची मानकं लागू. जून २०२२ मध्ये कंपनीने तासगावजवळचा बेदाण्याचा चालता धंदा घेतला. कोल्ड स्टोरेज, वॉशिंग-ग्रेडिंगची लाईन, पॅकिंग, ब्रँड, माणसं, सगळं एकगठ्ठा. शेअर घेतले नाहीत, धंदाच उचलला, त्यामुळे गुडविल आमच्याच ताळेबंदात बसलंय.

दिले ४२ कोटी. तेव्हा व्हॅल्युअरने जमीन-इमारत-मशिनरी २६ कोटी धरली, ब्रँड आणि गिऱ्हाइकांशी असलेले संबंध मिळून ४, खेळतं भांडवल ३. झाले ३३. उरलेले ९ कोटी गुडविल.

आता मार्च २०२५ चा ताळेबंद. घसारा वगैरे जाऊन मालमत्ता २२, ब्रँड आणि गिऱ्हाइकं अडीच, खेळतं भांडवल साडेपाच, आणि गुडविल तसंच ९. एकूण ३९ कोटी. मी पाच वर्षांचा अंदाज घेऊन १५ टक्क्यांनी आजची किंमत काढली ती ४४.८ कोटी आली. म्हणजे इम्पेअरमेंट नाही, पुस्तकातली किंमत खाली आणावी लागत नाही. ऑडिटरकडून फाईल लाल शेरे मारून परत आलीय. आमचे सीएफओ साहेब म्हणतात, कंपनी एकूण नफ्यात आहे, मग एका युनिटसाठी एवढं चिरफाड कशाला? मला कुणीतरी नीट सांगा, चुकतंय कुठे.

वखारभाग

एवढी चाचणी-बिचणी करायचीच कशाला? गुडविल ५ वर्षांत समान हप्त्यांनी संपवायचं असतं. वर्षाला १ कोटी ८० लाख. विषय संपला.

कृष्णाकाठची

@वखारभाग, तुम्ही म्हणताय ते जुन्या एएस १४ या मानकातलं, विलीनीकरणाच्या वेळचं. ज्यांना इंड एएस लागू नाही त्यांच्याकडे आजही तसं चालतं. यांच्याकडे गुडविलला हप्ता नाही. तोट्याचं चिन्ह दिसो न दिसो, वर्षातून एकदा चाचणी करायचीच, आणि दरवर्षी ठरलेल्या त्याच सुमाराला.

@खातेवही, कंपनी नफ्यात आहे की नाही हा प्रश्नच इथे नाही. गुडविल एकटं पैसा कमवत नाही, म्हणून ते ज्या युनिटला जोडलंय त्या युनिटची चाचणी होते. पुस्तकात ते ३९ ला उभं आहे. ते चालवून मिळणारी आजची किंमत किंवा खर्च वजा जाता विकून मिळणारी किंमत, यातली जी जास्त असेल ती ३९ च्या खाली गेली की फरक खर्ची टाकायचा. तुमचा ४४.८ कसा आला ते वर्षवार टाका. आणि लाल शेरे काय आहेत तेही.

कुपवाडची_खातेवही

ताई, करपूर्व रोकड, कोटीत : पहिल्या वर्षी ४, मग ४.६, ५.२, ५.६ आणि पाचव्या वर्षी ६. त्यापुढे दरवर्षी ४ टक्के वाढ धरलीय. गेल्या वर्षी प्रत्यक्षात आले ३.१.

शेरे तीन आहेत. एक, "दुसऱ्या ग्रेडिंग लाईनचं उत्पन्न कशाच्या आधारावर?" दोन, "कॉम्प्रेसर?" एवढंच लिहिलंय. तीन, "मागच्या दोन वर्षांचे अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी शेजारी मांडा."

कृष्णाकाठची

ऑडिटरने बरोबर नस पकडलीय.

दुसरी लाईन तुम्ही अजून घेतलेली नाही ना? मग चालवण्याच्या किमतीत तिचं उत्पन्न धरता येत नाही. युनिट आज आहे त्या अवस्थेत किती कमावेल तेवढंच धरायचं. उद्या पैसे घालून क्षमता वाढवू, ही गोष्ट खरी असली तरी या हिशेबात ती येत नाही. तसंच अजून ठरलेली नसलेली माणसांची कपात किंवा पुनर्रचना. २०२४ च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय मानक मंडळाने मसुदा काढून ही बंधनं सैल करायचं सुचवलंय, पण मसुदा म्हणजे नियम नव्हे.

कॉम्प्रेसरचा शेरा बरोब्बर उलटा आहे. अमोनियाचा प्लांट आहे म्हणजे काही वर्षांनी मोठी दुरुस्ती आणि बदल आलाच, पॅनेलचं इन्सुलेशन आलं. जे आहे ते आहे तसं टिकवायचा हा खर्च धरावाच लागतो. तुमच्या अंदाजात तो बहुतेक नाही, कारण घसारा नफ्यात परत मिळवला की हा खर्च आपोआप नजरेआड होतो. फार फाइलींत पाहिलंय हे.

तिसरा शेरा सगळ्यात जड. ३.१ वरून एकदम ४ का?

बागायतदार_तासगाव

मधेच बोलतो. यंदा आमच्या भागात माल कमी आलाय. अवकाळीने काहींच्या बागा गेल्या, काहींनी कंटाळून तोडल्या. बेदाण्याला भाव मिळाला म्हणून लोक खूश, पण कोल्ड स्टोरेजवाल्याचं भाडं बॉक्सवर असतं आणि वॉशिंग-ग्रेडिंग किलोवर. भाव चढला म्हणून त्याला एक रुपया जास्त मिळत नाही. शेडवरूनच माल कमी निघाला तर चेंबर मोकळे राहणार. तुमच्या साहेबांनी भाव बघून अंदाज फुगवला असेल तर ते चुकतंय.

कुपवाडची_खातेवही

काका, अगदी तेच झालंय. विक्री खात्याने सौद्यातला भाव बघून वाढ धरली होती. आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न भाडं आणि प्रोसेसिंगचं आहे.

दुसरी लाईन काढली, देखभालीचा खर्च घातला, टनेज गेल्या तीन हंगामांच्या सरासरीवर आणलं. आता ३.२, ३.६, ४, ४.३, ४.५. बाकी सगळं तेच. उत्तर ३४ कोटी. म्हणजे ३९ वजा ३४, पाच कोटींचा खड्डा. साहेबांना अजून दाखवलेलं नाही.

कृष्णाकाठची

तुमचे आकडे करून पाहिले. पाच वर्षांची मिळून आजची किंमत १२.८ आणि त्यापुढच्या सगळ्या काळाची २१.२. म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त किंमत अशा वर्षांतून येतेय ज्यांचा अंदाजच कुणी केलेला नाही, फक्त पाचव्या वर्षाच्या आकड्याला ४ टक्के लावलेत. म्हणून पाचवं वर्ष सगळ्यात जपून लिहायचं. पहिल्या फाईलमध्ये सहावर नेऊन ठेवलं होतं, तिथेच सगळा फुगा होता.

पाच कोटी गेले तर ते आधी गुडविलमधून जातात. ९ चे ४ राहतील. खड्डा ९ पेक्षा मोठा असता तर उरलेला भाग इमारत, मशिनरी, ब्रँडवर त्यांच्या पुस्तकी किमतीच्या प्रमाणात वाटला असता, तोही त्या त्या वस्तूच्या विक्रीमूल्याच्या खाली न नेता. तुमच्यावर ती वेळ नाही.

वखारभाग

पण १५ टक्के आणले कुठून? बँक कर्ज साडेनऊने देतेय. धंद्याला पैसा साडेनऊने मिळतो तर डिस्काउंटही साडेनऊनेच. मानकात कर्जाच्या दराचा उल्लेख आहे, मी वाचलाय.

कृष्णाकाठची

उल्लेख आहे, सुरुवात करायची जागा म्हणून. त्यापुढे त्या युनिटच्या रोकडीतली जोखीम त्यात घालायची असते, आणि तुम्ही ते विकत घ्यायला पैसा कसा उभा केला याच्याशी दराचा संबंध नसतो. बँक साडेनऊने देते ती जमीन तारण घेऊन. द्राक्षाच्या हंगामाची जोखीम ती घेत नाही, मालक घेतो.

साडेनऊने करून बघा, हेच आकडे ६९ कोटींच्या आसपास जातात. चांगल्या दिवसांत ४२ ला घेतलेला धंदा माल घटल्यावर ६९ चा झाला, असं कुणाला सांगाल?

दुसरी गोम करआधी-करानंतरची. रोकड करपूर्व असेल तर दरही करपूर्व हवा. व्हॅल्युअरच्या अहवालातला दर बहुधा करानंतरचा असतो. तो उचलून करपूर्व रोकडीला लावला की किंमत फुगते आणि चटकन कळतही नाही.

आणि हे लक्षात ठेवा. १५ चे १४ केले तर ३४ चे ३७.५ होतात. साडेतेरा केले तर ३९.५, म्हणजे इम्पेअरमेंट गायब. दीड टक्क्यात पाच कोटी. तुमच्या साहेबांना हे कुणीतरी दाखवणारच आहे, म्हणून १५ चा आधार आधी कागदावर आणा. गेल्या वर्षी कुठला दर होता? यंदा बदलला असेल तर का बदलला, हे ऑडिटर पहिल्यांदा विचारेल.

सातारी_कंदी

माझापण एक प्रश्न, विषय हाच आहे. राजवाड्याजवळ आमचं मेडिकल दुकान आहे, वडिलांच्या काळापासून. आता पार्टनर घेतोय. दुकानाचं गुडविल २५ लाख धरून पुस्तकात दाखवायचं म्हणतो. मग दरवर्षी ही टेस्ट मलापण करावी लागेल का?

वखारभाग

नाही हो. स्वतः कमावलेलं गुडविल पुस्तकात घेत नाहीत. नवा पार्टनर त्याच्या हिश्शाचे पैसे आणेल ते जुन्या पार्टनरांच्या खात्यांत जमा करा. आणि इंड एएस भागीदारी फर्मला लागू नाही.

सातारी_कंदी

म्हणजे पंचवीस लाख दाखवायचेच नाहीत? मग बँकेला काय दाखवू?

बँकवाला_मिरज

बँकेला गुडविल दाखवून उपयोग नाही भाऊ. आम्ही नेटवर्थमधून अमूर्त मालमत्ता वजा करूनच बघतो.

@खातेवही, तुमच्यासाठीही तेच. साहेबांना कर्जाच्या अटी मोडतील अशी भीती असेल तर मंजुरीपत्र काढून बघा. अट टॅन्जिबल नेटवर्थवर असेल तर हे ९ कोटी आम्ही पहिल्या दिवसापासून शून्यच धरलेत, पाच कोटी उडवल्याने तिथे काही हलत नाही. अट साध्या नेटवर्थवर किंवा नफ्याच्या एखाद्या गुणोत्तरावर असेल तर मात्र ताळेबंद छापायच्या आधी येऊन बोला.

बागायतदार_तासगाव

माझ्याकडे तुमच्यासारख्याच एका कंपनीचे थोडे शेअर आहेत, म्हणून विचारतो. हे पाच कोटी जातात कुठे? कुणाच्या खिशात? आणि दुसरं, त्या रस्त्याला जमिनीचे भाव चांगलेच चढलेत. नुसती जागा विकली तरी पैसे वसूल होतील. मग तोटा कसला?

कृष्णाकाठची

काका, पैसे २०२२ मध्येच गेले, विकणाऱ्याच्या खात्यात. आज रोकड एक रुपयाही बाहेर जात नाही. तेव्हा ज्या आशेवर ९ कोटी जादा दिले, त्यातली पाच कोटींची आशा उरली नाही, एवढंच पुस्तक आता कबूल करतंय.

जमिनीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विकून येणारी किंमत चालवण्याच्या किमतीपेक्षा जास्त निघाली तर तीच धरायची. पण ती अख्ख्या युनिटची हवी. जागा म्हणून विकायची तर वरचं कोल्ड स्टोरेज पाडावं लागेल, मशिनरी भंगारात किंवा सेकंडहँड जाईल, आणि हे सगळे खर्च वजा करून आकडा ३४ च्या वर गेला पाहिजे. दलालाच्या तोंडचा भाव चालत नाही, नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल असावा. @खातेवही, ही बाजू तपासलीच नसेल तर तपासा. अहवाल समजा ३६ चा आला तर तोटा तीनच कोटी.

कुपवाडची_खातेवही

व्हॅल्युअरला सांगितलंय, अहवाल यायचाय.

साहेबांशी बोललो. त्यांनी नवीनच काढलं. म्हणतात, हळद आणि बेदाणा एकच युनिट धरा. हळदीचा प्लांट पुस्तकात ३० कोटींचा आहे आणि त्याची किंमत आरामात ६० निघते. दोन्ही मिळून पुस्तकात ६९, किंमत ९४. २५ कोटींची गादी. चाचणी पास.

कृष्णाकाठची

हीच ती जागा जिथे गुडविल लपतं. विकत घेतलेला धंदा आजारी, पण शेजारी जुना धष्टपुष्ट धंदा बांधला की तोटा कधी दिसतच नाही. हळदीची ३० कोटींची जादा किंमत तुमची स्वतःची, वर्षानुवर्षं कमावलेली. ती पुस्तकात नाही, पण आता दुसऱ्याच्या तोट्यावर पांघरूण घालायला येते.

नियम सांगतो की गुडविल त्या युनिटांना वाटायचं ज्यांना खरेदीचा फायदा होईल असं खरेदीच्या वेळी वाटलं होतं. आणि चाचणीची पातळी व्यवस्थापन आतल्या आत ज्या सगळ्यात खालच्या पातळीवर त्या गुडविलकडे लक्ष ठेवतं ती. ऑपरेटिंग सेगमेंटपेक्षा मोठी नाही. व्यवस्थापनाला दर महिन्याला जाणाऱ्या तुमच्या अहवालात, एमआयएसमध्ये, बेदाणा वेगळा येतो का?

कुपवाडची_खातेवही

येतो. वेगळ्या पानावर. संचालक मंडळाच्या बैठकीतही तासगावचा वेगळा आढावा असतो.

ऑडिट_पाटी

मी याच कामात आहे, थोडं वेगळं मांडतो. एमआयएस वेगळा आला म्हणजे गुडविलही वेगळंच, असं आपोआप होत नाही. खरेदीच्या वेळचा बोर्ड नोट काढा. हळदीला काही फायदा होईल असं त्यात लिहिलं असेल तर त्या वाट्याचं गुडविल हळदीकडे जाणं रास्तच होतं. ऑडिटर लोक कधीकधी सगळं नव्या युनिटवर ढकलतात कारण ते सोपं पडतं.

कुपवाडची_खातेवही

नोट सापडला. दोन ओळी महत्त्वाच्या. एक, आमच्या हळदीच्या वितरकांमार्फत बेदाणा विकायचा. दोन, हळदीचा माल बाहेर भाड्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतो तो तासगावला हलवायचा, वर्षाला ४० लाख भाडं वाचेल.

ते झालंय. गेली दोन वर्षं आमची हळद तासगावच्या दोन चेंबरमध्ये असते. पण पहिल्या वर्षाच्या वर्किंगमध्ये ९ च्या ९ कोटी बेदाण्याकडेच टाकलेत.

ऑडिट_पाटी

बघा, दुसरी ओळ म्हणजे सरळ हळदीचा फायदा. थोडं गुडविल तिकडे जायला हवं होतं. मूळ वाटप चूक होतं असं दाखवता आलं तर मागील काळातली चूक म्हणून दुरुस्त करता येईल.

कृष्णाकाठची

मला पटत नाही. वाटप खरेदीनंतर सुरू होणाऱ्या पहिल्या पूर्ण वर्षाच्या अखेरीपर्यंत पुरं करायचं असतं, म्हणजे मार्च २०२४. ती मुदत गेली. त्या वेळी समोर असलेल्या माहितीवर व्यवस्थापनाने केलेला आणि ऑडिटरने मान्य केलेला निर्णय होता तो. तोटा दिसल्यावर तो चूक ठरवायचा, हे बाहेरच्याला फार वाईट दिसतं. पुढे खरोखर पुनर्रचना केलीत, दोन्ही धंदे एका माणसाखाली आणलेत, तर फेरवाटप होईल, पण ऑडिटर आधी जुन्या पातळीवर चाचणी मागेलच.

पण थांबा. त्या दोन चेंबरचं भाडं हळद विभाग तासगावला देतो का?

कुपवाडची_खातेवही

नाही. एकच कंपनी, कशाला द्यायचं? काहीच नोंद होत नाही.

कृष्णाकाठची

मग तुमचे ३४ कोटीही बरोबर नाहीत! युनिटची किंमत काढताना आतल्या आत दिलेली सेवा बाजारभावाने धरायची असते. तासगावचं युनिट दोन चेंबर फुकट देतंय, म्हणून त्याची रोकड कमी दिसतेय. बाहेरच्याने त्या जागेला जे भाडं दिलं असतं ते बेदाण्याच्या उत्पन्नात घाला, आणि तेवढंच हळदीच्या खर्चात. हळदीकडे गादी आहे, तिला काही होत नाही.

वर्षाला ४० लाख पाच वर्षं तेच ठेवून पुढे ४ टक्के वाढ धरली तर १५ टक्क्यांनी ३.२ कोटी येतात. ३४ चे ३७.२. तोटा पाचावरून १.८ वर आला, आणि कुठलंही गुडविल इकडचं तिकडे न करता.

ऑडिट_पाटी

हे मान्य. फक्त ४० लाख हा हळद पूर्वी बाहेर देत होती तो आकडा आहे, २०२२ च्या आधीचा, बहुधा सांगली मार्केट यार्डाजवळचा. तासगावला, माल कमी असताना, चेंबर मोकळे पडलेले असताना, तिसरा माणूस तेवढं देईल का? आणि भाडं घातलं तर वीज आणि हमालीही बघा, तो खर्च आधीच बेदाण्यात आहे की नाही.

बागायतदार_तासगाव

यंदा तरी देणार नाही. आमच्याकडे दोघंतिघं चेंबर रिकामे आहेत म्हणून फोन करतायत.

वखारभाग

मग समजा आता १.८ किंवा ५, काय असेल ते उडवलं, आणि पुढच्या वर्षी पीक जोरात आलं. परत चढवता येतं ना? मशिनरीचं इम्पेअरमेंट उलटवता येतं हे मला माहितीय.

कृष्णाकाठची

मशिनरीचं येतं, गुडविलचं नाही. कधीच नाही. सप्टेंबरच्या तिमाहीत उडवलेलं मार्चला परत आणता येत नाही, एवढं कडक. परत आलेली किंमत तुम्ही नव्याने कमावलेली धरतात.

सातारी_कंदी

आणि इन्कम टॅक्समध्ये हे पाच कोटी वजा होतात का? आमच्या सल्लागाराने गुडविलवर घसारा मिळतो म्हणून सांगितलेलं.

वखारभाग

२०२१ च्या वित्त कायद्याने तो घसारा बंद झाला. इम्पेअरमेंट तर नुसती पुस्तकी नोंद, करासाठी नफ्यात परत मिळवायची. तुमच्या मेडिकलला तसाही संबंध नाही.

कुपवाडची_खातेवही

साहेबांना दोन्ही आकडे दाखवले. एकत्र युनिटचा विषय त्यांनी तूर्त सोडलाय, पण ४० लाखांवर ते ठाम आहेत आणि ऑडिटर २५ च्या वर जायला तयार नाही. २५ ने केलं तर २ कोटी येतात, तोटा ३ कोटी. तासगाव-सांगली पट्ट्यातल्या चार-पाच कोल्ड स्टोरेजची लेखी दरपत्रकं मागवायला सांगितलीत. हळदीच्या पोत्याचा हंगामी दर वेगळा असतो का, बेदाण्याच्या बॉक्सवरून काढायचा तर कसा, हे कुणाला माहीत असेल तर लिहा. शिवाय जमिनीचा अहवाल शुक्रवारी येतोय.

बागायतदार_तासगाव

पोत्याचा दर वेगळाच असतो. महिन्यावर घेतात, बेदाण्यासारखं हंगामाला एकदम नाही. उद्या विचारून दर टाकतो इथे.